किराणा दुकानाच्या कार्डाचं नाव ठरवताना: कामाच्या नोंदी (डोंबिवली, २०२५)

मामांचं डोंबिवली पूर्वेला किराणा दुकान आहे. दर महिन्याला सामान भरणारी गिऱ्हाइकं टिकावीत म्हणून त्यांना कार्ड सुरू करायचं होतं. त्या कार्डाला नाव आणि खाली एक ओळ, एवढंच काम माझ्याकडे आलं. मी छपाईचा मजकूर आणि मांडणी करते, त्यामुळे दोन संध्याकाळींत उरकेल असं वाटलं होतं. गुढीपाडव्याला सुरुवात करायची होती. दुसरं कुणी आपल्या दुकानासाठी हे करणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

२ फेब्रुवारी

नावाआधी नियमावरच अडलो. मामांच्या डोक्यात होतं, "तेल-साखर सोडून बाकी सगळ्यावर दोन टक्के." त्यांचं कारण रास्त आहे. तेल आणि साखर यांत सुटतं काय, तर किलोमागे दीड-दोन रुपये. त्यात गिऱ्हाइकाला आणखी काही द्यायचं म्हणजे पदरमोडच.

पण "तेल-साखर सोडून" हे शब्द कार्डावर आले की ओळीला चांदणी लागते, आणि चांदणीखालचा बारीक मजकूर काउंटरवर मामींना तोंडी समजावावा लागतो, तोही सात तारखेच्या आतल्या गर्दीत. म्हणून एका घराची खरी यादी घेऊन हिशेब केला. बिल ४,००० रुपयांचं. त्यात पाच लिटर तेल १५० च्या भावाने ७५० रुपयांचं आणि पाच किलो साखर ४५ च्या भावाने २२५ ची, म्हणजे ९७५ रुपये बाजूला. उरलेल्या ३,०२५ वर दोन टक्के म्हणजे साडेसाठ रुपये. सगळ्या बिलावर सरसकट दीड टक्का दिला तर साठ. फरक पन्नास पैशांचा, आणि चांदणी गायब.

साठ रुपये मामांना जड वाटले. या बिलात त्यांना सगळं मिळून चारशेच्या आसपास सुटतात. शेवटी सरसकट एक टक्का ठरला, म्हणजे चार हजारांना चाळीस. काहीही वगळायचं नाही.

९ फेब्रुवारी

नावांची यादी. पहिल्या झटक्यात जी आली ती अशी: आपला परिवार, स्नेहबंध, आपुलकी, शुभलाभ, सन्मान. एकही वाईट नाही आणि एकही कामाचं नाही. 'परिवार' आमच्याच रस्त्यावर पतसंस्थेच्या पाटीवर आहे आणि औषधांच्या दुकानातही आहे. या नावांवरून कार्डाने काय मिळतं ते कळत नाही आणि कधी मिळतं तेही कळत नाही.

मामांनी सुचवलेलं नाव 'लक्ष्मी भिशी'. ते त्यांना फार आवडलं होतं.

मी सुचवलेलं 'शीग'. पायली-शेर काठोकाठ भरल्यावर वर जो ढीग राहतो तो. ओळ लिहिली: "माप भरून, वर शीग." खरं सांगायचं तर हे लिहिल्यावर मला काम झाल्यासारखंच वाटलं होतं.

१६ फेब्रुवारी

आज ही नावं काउंटरवर नेली. कागदावर लिहून दाखवायची नाहीत, मामींनी बिल करताना नुसतं म्हणायचं, असं ठरवलं. "कसं वाटलं नाव?" हे विचारायचं नाही. ते विचारलं की सगळे "छान आहे" म्हणतात आणि पिशवी उचलतात. त्याऐवजी नाव ऐकल्यावर गिऱ्हाईक स्वतःहून पहिला प्रश्न काय विचारतं, तो टिपून घ्यायचा. या सगळ्या कामात ही एक युक्ती सर्वांत उपयोगी पडली.

'लक्ष्मी भिशी' ऐकल्यावर प्रश्न ठरलेलाच: "महिन्याला किती भरायचे?" एका आजींनी तर "नंबर कधी लागतो?" असंही विचारलं. भिशी म्हटलं की लोक पैसे भरायला तयार होतात किंवा सावध होतात, आणि आपल्याला त्यांच्याकडून काहीच भरून घ्यायचं नाही. दोघांनी तर, "मागे एका भिशीत बुडालेत पैसे, नको बाई," म्हणून विषयच संपवला. मामांनी तासाभरात स्वतःच नाव मागे घेतलं.

'शीग'चं वेगळंच झालं. साठीच्या पुढच्यांना लगेच कळलं, ते हसले, एका काकांनी "शिगोशीग" म्हणून दादही दिली. त्याखालच्या वयाच्यांनी "काय? शीख?" असं विचारलं. आणि आमच्या इमारतीतल्या गुजराती काकू म्हणाल्या, "सिंग फ्री मध्ये देणार का?" गुजरातीत सिंग म्हणजे शेंगदाणे. मामींनी नाही म्हटल्यावर त्या जरा नाराजच झाल्या. आमच्याकडे निम्म्या ऑर्डरी फोनवर येतात. फोनवर जे नाव दुसरंच काही ऐकू येतं, ते कागदावर कितीही देखणं असलं तरी निरुपयोगी. वाईट वाटलं, पण खोडलं.

२३ फेब्रुवारी

नवा विचार: लोक दुकानात जे शब्द आधीच वापरतात त्यांतून नाव काढायचं. संध्याकाळी दोन तास साखरेच्या पोत्यावर बसून नुसती ऐकत होते. "यादी पाठवलीय", "यादी झाली का भरून?", "मागच्या यादीतली हळद राहिली", "नेहमीचाच गहू ना?", "यात धरा", "वजा करा". सगळ्यांत जास्त वेळा ऐकू आला तो 'यादी'.

त्यावरून 'पुढची यादी'. ओळ: "शंभराला रुपया, पुढच्या यादीत वजा."

यात मला दोन गोष्टी आवडल्या. कार्डाचा फायदा आज मिळत नाही, पुढच्या खेपेला मिळतो, हे नावातच आलं. आणि 'वजा' हा शब्द घातल्याने "रोख द्या" म्हणून कुणी हात पुढे करणार नाही. सुरुवातीच्या कच्च्या ओळीत "शंभराला रुपया परत" होतं. 'परत' ऐकून पहिल्याच गिऱ्हाइकाने रुपया मागितला होता.

'पॉइंट' हा शब्दही इथेच बाद केला. पॉइंट म्हटलं की पुढचा प्रश्न "म्हणजे किती रुपये?" हा येतोच. मग थेट रुपयेच सांगितलेले बरे.

२ मार्च

पाडव्याआधी आजमावून पाहायला शंभर कार्डं छापून घेतली. तीनशे जीएसएमचा कागद, व्हिजिटिंग कार्डाचा आकार, एका बाजूने छपाई, खर्च साडेतीनशे. प्रत्येक कार्डावर फक्त एक क्रमांक. मोबाईल नंबर मागायचा नाही असं ठरवलं. रांगेत उभं राहून मोठ्याने नंबर सांगणं बायकांना आवडत नाही, आणि नंबर घेतला की तो सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्ड क्रमांकावर खातं उघडलं की पुरतं. तीस रुपयांचं बिलही त्या खात्यात मिळवलं जातं आणि बेरीज शंभर झाली की रुपया लागतो.

महिन्याची सुरुवात, त्यामुळे दिवसभर गर्दी. यादीवाल्या घरांनी कार्डं आनंदाने घेतली.

५ मार्च

समोरच्या चाळीतली एक ताई रोज सकाळी येते. अर्धा पाव तेल, चहापूड, दोन अंडी. मामींनी कार्ड पुढे केलं तर म्हणाली, "आमची कुठे यादी असते? ते बिल्डिंगवाल्यांना द्या." आणि कार्ड न घेताच गेली.

हे ऐकून मी संध्याकाळी मामांबरोबर बसले. तिच्यासारखी रोज तीस-चाळीसचं नेणारी माणसं महिन्याला हजार-बाराशेचा माल नेतात, वर्षानुवर्षं आणि फक्त आमच्याकडून. यादीवाली घरं दर दोन महिन्यांनी मोठ्या दुकानात एक चक्कर टाकून येतात. म्हणजे जे खरोखर परत परत येतात, त्यांनाच नावाने दारात थांबवलं. नियमात ती बसत होती, तीस रुपयांचं बिलही धरायची सोय होती. पण नियम कुणी वाचत नाही, नाव ऐकतात.

आणखी एक लहान अडचण: यादीवाल्यांपैकी काहींना वाटलं की हे पुढच्या महिन्याची ऑर्डर आगाऊ नोंदवण्याचं कार्ड आहे. "पुढची यादी कधीपर्यंत द्यायची?" असे फोन आले. धंद्याला ते वाईट नाही, पण कार्डाचं काम ते नव्हे.

९ मार्च

आज नाव मिळालं, आणि ते मी शोधलेलं नाही. आठवडाभर मामी आणि काउंटरवरचा मुलगा कान देऊन होते. कार्ड आणणाऱ्यांपैकी कुणीही "पुढची यादी कार्ड" म्हणत नव्हतं. "शेठ, ते शंभराला रुपयावालं कार्ड घरी राहिलं," "तुमच्याकडे ते शंभराला रुपया सुरू झालंय ना?" असंच सगळे म्हणत होते. म्हणजे मी ज्याला खालची ओळ समजत होते तेच नाव झालं होतं, आणि नाव म्हणून छापलेलं कुणाच्या तोंडीच बसलं नव्हतं.

मग उलटापालट केली. नाव: शंभराला रुपया. ओळ: पुढच्या बिलात वजा. 'यादी' गेली, 'बिल' आलं, आणि अर्धा पाव तेलाचंही बिल होतंच.

मामांची शंका: "रुपया फारच कमी वाटतो रे लोकांना. हजाराला दहा म्हण, भारदस्त वाटेल." (मला ते लहानपणापासून 'रे'च म्हणतात.) दर तोच आहे, म्हणून ते बोलूनही पाहिलं. 'हजाराला दहा' ऐकल्यावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे हजाराचं बिल व्हायला हवं का?" चाळीतल्या ताईला मग पुन्हा दारातच थांबवल्यासारखं झालं असतं. 'शंभराला रुपया'वर दोघातिघांनी "एवढंच?" म्हटलं, हेही लिहून ठेवते. मामींनी त्यांना उत्तर दिलं, "एवढंच, पण साखरेवरसुद्धा." त्यावर पुढे कुणी बोललं नाही.

१५ मार्च

नाव नोंदवायचं का, यावर काल चर्चा झाली. ट्रेडमार्कचा अर्ज दुकानदारीसाठी ३५ व्या वर्गात करावा लागतो, आणि व्यक्तीने किंवा लहान उद्योगाने ऑनलाइन केला तर शुल्क वर्गामागे ४,५०० रुपये. ओळखीच्या वकिलांनी सरळ सांगितलं की पैसे वाया जातील. जे नाव नुसतं काय मिळतं त्याचं वर्णन करतं, ते १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या ९ व्या कलमात अडकतं. 'शीग' कदाचित मिळालं असतं, 'शंभराला रुपया' मिळणं अवघड.

याचा अर्थ उद्या पलीकडच्या गल्लीतला दुकानदार 'शंभराला दोन' अशी पाटी लावू शकतो आणि आपण काही करू शकत नाही. दुसरी मर्यादा त्याहून मोठी: दर नावातच असल्यामुळे तो पुढे बदलता येणार नाही. एक टक्क्याचा पाऊण करायचा झाला तर नावच बदलावं लागेल. मामा यावर रात्रभर विचार करत होते. सकाळी म्हणाले, "बदलायचं नाहीच. बदलता येतं म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही." तेव्हा ठरलं. अनेक दुकानं असलेल्या व्यापाऱ्याने मात्र असं नाव घेऊ नये, असं माझं मत आहे.

२२ मार्च

छपाईचा दिवस, आणि दिवस वाया गेला तो बिलाच्या मशीनवर.

बिलाच्या तळाशी नाव आणि ओळ यावी असं हवं होतं. सॉफ्टवेअरच्या तळटिपेत मराठी मजकूर टाकला, तर कागदावर नुसती प्रश्नचिन्हं. आमचं थर्मल मशीन साध्या मजकुरात देवनागरी छापतच नाही, त्यात ती अक्षरंच नाहीत. तंत्रज्ञाने पूर्ण बिल चित्र म्हणून छापायची सेटिंग करून दिली, पण मग एक लांब बिल बाहेर यायला इतका वेळ लागायला लागला की मागची रांग कुरकुरायला लागली. ती सेटिंग काढली.

शेवटी फक्त नाव आणि ओळ यांचं एक चित्र करून ते तळाच्या लोगोच्या जागी बसवलं. बाकीचं बिल पूर्वीसारखं साध्या मजकुरात, झटपट. आमचा कागद ५८ मिलिमीटरचा. त्यावर आडवे ३८४ ठिपके मिळतात, म्हणून चित्र नेमकं त्याच रुंदीचं, काळं-पांढरं, करड्या छटा अजिबात नाहीत. बारीक वेलांट्या तुटत होत्या, त्यामुळे जाड टाइप घेतला. 'पुढच्या बिलात वजा' या टाइपातही एका ओळीत बसलं.

कार्डं आता पाचशे, दोन्ही बाजूंनी, दीड हजार रुपये. दारावरचा फ्लेक्स तीन बाय दोनचा, सव्वाशे. जुनी उरलेली कार्डं मामींनी मागच्या कोऱ्या बाजूवर डाळींचे भाव लिहायला घेतली.

३० मार्च, गुढीपाडवा

सुरुवात झाली. काउंटरवर म्हणायचं वाक्य मामींनी स्वतः ठरवलं: "शंभराला रुपया घेता का? पुढच्या बिलात वजा होईल." एका दमात म्हणून होतं, आणि वर काही समजावून सांगावं लागत नाही. चाळीतली ताई कार्ड घेऊन गेली.

६ एप्रिल

बिलाच्या शेवटी कार्डावर साठलेली रक्कम छापून येते. त्या चित्रातच मी आकड्याआधी 'जमा' असा शब्द घातला होता. एक गृहस्थ भांडायलाच आले. त्यांची उधारी ६४० होती आणि बिलावर 'जमा' च्या पुढे २३ आले. त्यांचं म्हणणं, २३ रुपये उधारीतून कमी झाले, मग वहीत अजून ६४० का?

त्यांचं चुकलं नव्हतं. वहीत जमा म्हणजे गिऱ्हाइकाकडून आलेले पैसे, हेच आजवर सगळ्यांना माहीत. 'बाकी' लिहिलं असतं तर आणखी वाईट, त्याचा अर्थ द्यायचे राहिलेले. 'शिल्लक' घातलं, चित्र पुन्हा केलं. तेव्हापासून तक्रार नाही. किराणा दुकानात जमा, नावे, बाकी, येणे या शब्दांना वहीतला अर्थ आधीच चिकटलेला असतो, ते कार्डासाठी वापरूच नयेत.

त्याच दिवशी उधारीचंही ठरवलं. माल उधार नेला की रुपया लागत नाही, उधारी फेडली की त्या रकमेवर लागतो. हे कार्डावर छापलेलं नाही, विचारलं की सांगतो.

२० एप्रिल

ज्याची भीती होती ते झालं. जवळची एक खानावळ तेलाचे पंधरा किलोचे डबे नेते. डबा २,३०० ला, मामांना त्यात चाळीसेक रुपये सुटतात. खानावळवाल्यांनी कार्ड पुढे केलं, म्हणजे डब्यामागे तेवीस रुपये गेले, निम्म्याहून जास्त.

मामांना लगेच कार्डावर "डबा सोडून" छापायचं होतं. ते मी होऊ दिलं नाही, कारण चांदणी नको म्हणूनच सगळ्यावर सरसकट दर ठरवला होता. त्याऐवजी डब्याला दोन भाव लावले: कार्डावर घ्यायचा तर छापील भाव, कार्डाशिवाय घ्यायचा तर तीस रुपये कमी. यात मामांचे सात रुपये आणखी जातात, पण खानावळवाल्यांना ते तीस आधीपासून घासाघीस करून मिळतच होते. आता दोन्ही एकदम मिळत नाहीत, एवढाच फरक. ते थोडे फुरंगटले, मग तीस घेतले.

१८ मे

काही किरकोळ नोंदी. बिल ९५ झालं की लोक "पाचाचा बिस्कीटपुडा टाका, शंभर होऊ दे" म्हणतात. खरं तर गरज नाही, पंच्याण्णव खात्यात मिळवले जातातच, आणि मामी तसं सांगतातही. तरी लोक पुडा घेतातच. पूर्वी सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट दिलं की हेच लोक तोंड वाकडं करायचे.

कार्ड हरवलं तर नवीन क्रमांक देऊन जुनी शिल्लक त्यात वळवतो. पण मोबाईल नंबर घेतलेला नसल्याने माणूस ओळखीचा असेल तरच. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत त्या रकमेवर पाणी सोडावं लागतं. वीस-तीस रुपयांवर अजून कुणी वाद घातलेला नाही.

शिल्लक कधीपर्यंत वापरायची हे ठरवायचं राहिलं होतं. मामांनी दिवाळी पाडवा धरला आहे, यंदा २२ ऑक्टोबर. नव्या वहीत जुनं ओढायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. हे मात्र कार्डावर छापायलाच हवं, पुढच्या पाचशेंच्या मागच्या बाजूवर मजकूर असा जाईल: "शिल्लक दिवाळी पाडव्यापर्यंत वापरा." आधी वाटलेल्या कार्डांसाठी रबरी शिक्का करायला टाकला आहे, एकशे ऐंशी रुपये, मंगळवारी मिळेल.